हंगामाची धावसंख्या आणि पिव्हट टेबल : सरासरीच्या छेदाचा प्रश्न

क्रिकेटमध्ये जिला फलंदाजीची सरासरी असे म्हणतात ती संख्याशास्त्रातील अंकगणितीय माध्य नव्हे. माध्य काढताना एकूण धावांना खेळलेल्या डावांनी भागावे लागते. फलंदाजीची सरासरी काढताना त्याच धावांना फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. नाबाद राहिलेल्या डावातील धावा अंशात येतात, तो डाव मात्र छेदात येत नाही. हा भेद सर्वांस परिचित आहे. तथापि संपूर्ण हंगामाची आकडेवारी एक्सेलमध्ये घालून पिव्हट टेबलच्या साहाय्याने तिचे प्रतिस्पर्धी, मैदान आणि महिना असे वर्गीकरण करू लागताच तो विसरला जातो, कारण त्या टेबलात Average नावाची सोय आयती उपलब्ध असते आणि ती माध्यच देते. या दोन सरासरींत केवळ कमीअधिकपणाचा फरक पडला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु पुढील उदाहरणात निष्कर्षाची दिशाच उलटते. हे कसे घडते आणि टेबलाची मांडणी कशी केली असता ते टाळता येते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी इंडियन प्रीमियर लीगच्या २०१६ सालच्या हंगामातील विराट कोहलीचे डाव घेतले आहेत. रॉयल चॅलेंजर्स बंगलोर या संघाकडून त्याने १६ डावांत ९७३ धावा केल्या. त्या स्पर्धेतील एका हंगामाचा हा उच्चांक २०२५ च्या हंगामाअखेरपर्यंत कोणी मोडलेला नव्हता. सोळा ओळींची सामग्री डोळ्यांखालून सहज घालता येते, आणि म्हणून यंत्राने दिलेले प्रत्येक उत्तर हाताने पडताळून पाहणे शक्य होते. पद्धती शिकण्यास लहान सामग्रीच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

कोष्टक १

| Date | Opponent | Venue | Runs | Outs |
|---|---|---|---|---|
| १२ एप्रिल | हैदराबाद | बेंगळुरू | ७५ | १ |
| १७ एप्रिल | दिल्ली | बेंगळुरू | ७९ | १ |
| २० एप्रिल | मुंबई | मुंबई | ३३ | १ |
| २२ एप्रिल | पुणे | पुणे | ८० | १ |
| २४ एप्रिल | गुजरात | राजकोट | १०० | ० |
| ३० एप्रिल | हैदराबाद | हैदराबाद | १४ | १ |
| २ मे | कोलकाता | बेंगळुरू | ५२ | १ |
| ७ मे | पुणे | बेंगळुरू | १०८ | ० |
| ९ मे | पंजाब | मोहाली | २० | १ |
| ११ मे | मुंबई | बेंगळुरू | ७ | १ |
| १४ मे | गुजरात | बेंगळुरू | १०९ | १ |
| १६ मे | कोलकाता | कोलकाता | ७५ | ० |
| १८ मे | पंजाब | बेंगळुरू | ११३ | १ |
| २२ मे | दिल्ली | रायपूर | ५४ | ० |
| २४ मे | गुजरात | बेंगळुरू | ० | १ |
| २९ मे | हैदराबाद | बेंगळुरू | ५४ | १ |

एका डावास एक ओळ, हा या मांडणीचा पाया होय. Outs या रकान्यात फलंदाज बाद झाला असल्यास १ आणि नाबाद राहिला असल्यास ० लिहिला आहे. वर्तमानपत्रातील धावफलकात नाबाद धावसंख्येवर तारांकन असते, आणि सामग्री भरणारा पुष्कळदा तीच पद्धत उचलून Runs मध्ये 100* असे लिहितो. एक्सेलच्या दृष्टीने ही संख्या राहत नाही, तो मजकूर होतो. अशा रकान्यातील धावा पिव्हट टेबलात मूल्ये म्हणून टाकल्या की टेबल बेरीज करण्याऐवजी नुसती मोजदाद करते व Count of Runs या मथळ्याखाली १६ दाखवते. हा पहिला इशारा समजावा. तो न ओळखता मोजदादीच्या जागी Sum निवडले, तर मजकूर असलेली चार घरे शून्य धरली जातात आणि ९७३ ऐवजी ६३६ हे उत्तर येते. गळालेल्या ३३७ धावा म्हणजे १००, १०८, ७५ आणि ५४ या चार नाबाद डावांची बेरीज होय. म्हणजे त्याचे जे डाव कोणालाही संपवता आले नाहीत, तेच हिशेबातून वगळले जातात. म्हणून एकंदर बेरीज स्वतंत्र साधनावरून आधीच ठाऊक करून घ्यावी व टेबल तयार होताच प्रथम तीच पडताळावी.

तारखांच्या बाबतीत असाच प्रकार घडतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल आणि आपण 12/04/2016 असे लिहिले, तर ती ४ डिसेंबर ही तारीख होते. 17/04/2016 ला मात्र सतरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता मजकूर म्हणून राहते. आपल्या सोळा तारखांपैकी पाच अशा रीतीने भलत्याच महिन्यांत जातील आणि उरलेल्या अकरा मजकूर बनतील. मजकूर झालेली तारीख घराच्या डाव्या कडेला चिकटते व खरी तारीख उजव्या कडेला राहते, एवढ्यावरून दोष ओळखता येतो. तो ध्यानात आला नाही तर महिन्यांचे गट पाडतेवेळी Cannot group that selection. असा नकार मिळतो. संघांची आणि गावांची नावेही एकाच रूपात लिहावीत. एका ओळीत बेंगळुरू आणि दुसरीत बंगलोर लिहिल्यास, किंवा नावाच्या शेवटी एखादी रिकामी जागा राहिल्यास, टेबलात त्या मैदानाच्या दोन ओळी होतात.

बेंगळुरूचे मैदान आणि इतर मैदाने असा भेद पुढे लागणार असल्यामुळे सहावा रकाना Home या नावाने जोडला आहे. तो सूत्राने भरता येतो. तत्पूर्वी संपूर्ण सामग्री निवडून Ctrl+T दाबावे म्हणजे ती एक्सेलच्या अर्थाने टेबल होते, आणि पुढे नवी ओळ जोडली की सूत्रही आपोआप खाली उतरते. या टेबलास Innings असे नाव दिले आहे.

```
=IF([@Venue]="बेंगळुरू","Home","Away")
```

या रकान्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. २०१६ साली महाराष्ट्रातील दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावेत असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता, आणि मुंबईस ठरलेला अंतिम सामना त्यामुळे बेंगळुरूस झाला. तो सामना कोहलीच्या संघाने घरच्या मैदानावर खेळला खरा, परंतु मूळ कार्यक्रमानुसार ते घर नव्हते. येथे Home याचा अर्थ 'बेंगळुरूचे मैदान' एवढाच घेतला असून त्यात नऊ डाव येतात, उरलेले सात इतर मैदानांवरचे. दुसरा अर्थ ज्यास घ्यावयाचा असेल त्याने अंतिम सामन्याची ओळ हाताने बदलावी. मात्र आपण कोणता अर्थ घेतला हे नमूद करावे.

आता Insert मधून PivotTable निवडावे. उजवीकडे रकान्यांच्या नावांची यादी येते. Opponent हे नाव ओळींच्या चौकटीत ओढावे, तसेच Runs आणि Outs मूल्यांच्या चौकटीत ओढून दोन्हींची बेरीज घ्यावी. Runs पुन्हा एकदा ओढून त्याची मोजदाद घेतली म्हणजे डावांची संख्या मिळते. या टेबलात गुजरातविरुद्ध तीन डावांत २०९, पुण्याविरुद्ध दोन डावांत १८८, हैदराबादविरुद्ध तीन डावांत १४३ आणि मुंबईविरुद्ध दोन डावांत अवघ्या ४० धावा दिसतात. दिल्ली आणि पंजाब यांच्याविरुद्ध प्रत्येकी दोन डावांत १३३ धावा आहेत. बेरीज, डावांची संख्या आणि त्यांवरून निघणारे माध्य यांपैकी कशानेही या दोन ओळींत भेद करता येत नाही. पंजाबविरुद्ध तो दोन्ही डावांत बाद झाला, दिल्लीविरुद्ध एकाच डावात. म्हणून पहिली सरासरी ६६.५० आणि दुसरी १३३.०० होते. Average निवडणाऱ्यास मात्र दोन्ही ठिकाणी ६६.५० हाच आकडा दिसेल.

ही सरासरी टेबलातच काढण्यासाठी PivotTable Analyze या पट्टीतील Fields, Items & Sets येथून Calculated Field उघडावे, त्यास BatAvg असे नाव द्यावे आणि पुढील सूत्र लिहावे.

```
= Runs / Outs
```

या सूत्राचे कार्य कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण Outs हा रकाना कशासाठी निर्माण केला त्याचे उत्तर तेथेच आहे. हे सूत्र प्रत्येक ओळीसाठी भागाकार करून मग ते भागाकार मिळवत नाही. प्रथम त्या गटातील सर्व धावांची बेरीज होते, सर्व Outs ची बेरीज होते, आणि मग एका बेरजेला दुसरीने भागले जाते. आपल्याला हवे असलेले गुणोत्तर नेमके हेच. परंतु याच कारणामुळे अशा सूत्रात मोजदाद वापरता येत नाही. त्याला फक्त बेरजा दिसतात. ज्या गोष्टीची संख्या छेदात हवी ती मूळ सामग्रीत १ आणि ० या रूपाने लिहून ठेवणे भाग पडते. बाद व नाबाद असे शब्द लिहिले असते तर माणसाला वाचण्यास बरे पडले असते, परंतु सूत्राला त्यांचा उपयोग झाला नसता. टेबल या रकान्यास Sum of BatAvg असा मथळा देते. तो दिशाभूल करणारा असल्यामुळे बदलून टाकावा.

तळाच्या एकूण ओळीत ८१.०८ हा आकडा येतो. ९७३ भागिले १२, म्हणून तो बरोबर आहे. वरच्या सात ओळींतील सरासरींची पुन्हा सरासरी काढण्याचा मोह येथे काहींना होतो; तसे केल्यास ९८.१० येतात. पुण्याविरुद्धच्या १८८.०० या आकड्यामागे एकच बाद होणे आहे आणि हैदराबादविरुद्धच्या ४७.६७ या आकड्यामागे तीन आहेत. दोघांना समान वजन दिल्यामुळे हा फुगवटा निर्माण होतो.

आता Opponent काढून त्याच्या जागी Home ठेवू. बेंगळुरूस नऊ डावांत ५९७ धावा असून तो आठ वेळा बाद झाला आहे. इतरत्र सात डावांत ३७६ धावा असून तो चार वेळा बाद झाला आहे. दर डावाचे माध्य घेतले तर बेंगळुरूस ६६.३३ आणि इतरत्र ५३.७१ येतात, म्हणजे घरच्या मैदानावर तो अधिक यशस्वी ठरतो. फलंदाजीची सरासरी घेतली तर बेंगळुरूस ७४.६३ आणि इतरत्र ९४.०० येतात, म्हणजे तो परक्या मैदानांवर अधिक यशस्वी ठरतो. सामग्री तीच, टेबल तेच, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध.

महिन्यांच्या वर्गीकरणातही हेच घडते. Date ओळींच्या चौकटीत ठेवून एखाद्या तारखेवर उजवी कळ दाबावी, Group निवडावे आणि Months वर खूण करावी. एकाहून अधिक हंगामांची सामग्री असेल तर Years वरही खूण केली पाहिजे, अन्यथा सर्व वर्षांचे एप्रिल महिने एकाच ओळीत मिसळतात. एप्रिलमध्ये सहा डावांत ३८१ धावा आणि पाच वेळा बाद. मे महिन्यात दहा डावांत ५९२ धावा आणि सात वेळा बाद. माध्याने एप्रिल पुढे आहे, ६३.५० विरुद्ध ५९.२०. सरासरीने मे पुढे आहे, ८४.५७ विरुद्ध ७६.२०. हंगामाच्या उत्तरार्धात त्याचा खेळ चढत गेला की उतरत गेला, हे सांगणारा लेख या दोहोंपैकी कोणताही आकडा हाती घेऊन लिहिता येईल.

मग खरे कोणते मानावे? नाबाद डाव म्हणजे अपूर्ण राहिलेले निरीक्षण होय. फलंदाज किती धावांवर बाद झाला असता हे आपणास ठाऊक नसते. निदान एवढ्या धावा झाल्या असत्या एवढेच ठाऊक असते. वरील चार नाबाद डावांपैकी राजकोटचा डाव षटके संपल्यामुळे थांबला आणि उरलेले तीन संघाने लक्ष्य गाठल्यामुळे थांबले. माध्य या थांबण्याला बाद होण्यासारखेच मोजते आणि म्हणून फलंदाजावर अन्याय करते. उलटपक्षी, प्रत्येक धावेनंतर बाद होण्याची संभाव्यता सारखीच असते असे गृहीत धरले, तर धावसंख्या गुणोत्तर श्रेढीनुसार वितरित होतात आणि पूर्ण झालेल्या डावाच्या माध्याचा महत्तम संभाव्यता अनुमानक म्हणून धावा भागिले बाद हेच गुणोत्तर निघते. क्रिकेटच्या धावसंख्या अशा श्रेढीत बसतात काय, याचा शोध जी. एच. वुड यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९४५ साली घेतला होता. हे गृहीतक तंतोतंत खरे नाही. फलंदाज स्थिरावण्यापूर्वी बाद होण्याचा धोका अधिक असतो हे कोणीही प्रेक्षक सांगेल. तरीही खेळाडूच्या कौशल्याविषयी विधान करावयाचे असल्यास दोहोंपैकी फलंदाजीची सरासरीच जवळची आहे. संघाला एका सामन्यात त्याच्याकडून प्रत्यक्षात किती धावा मिळाल्या असा प्रश्न असेल तेथे मात्र माध्य योग्य. म्हणजे एक्सेलचे Average चुकीचे नाही. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

परंतु सरासरी निवडली म्हणजे काम संपले असे नाही. तिचा छेद लहान असतो आणि वर्गीकरण जितके बारीक करावे तितका तो लहान होत जातो. Home ओळींत आणि महिने रकान्यांत ठेवले असता चार घरांचे टेबल तयार होते.

कोष्टक २ : धावा, कंसात किती वेळा बाद, आणि त्यापुढे सरासरी

| | एप्रिल | मे |
|---|---|---|
| बेंगळुरू | १५४ (२) ७७.०० | ४४३ (६) ७३.८३ |
| इतरत्र | २२७ (३) ७५.६७ | १४९ (१) १४९.०० |

तीन घरांतील आकडे जवळजवळ सारखे आहेत. एप्रिलमध्ये बेंगळुरू आणि इतर मैदाने यांत फरक दीड धावेचाही नाही. परक्या मैदानांवरचे सगळे श्रेष्ठत्व आणि मे महिन्याचेही सगळे श्रेष्ठत्व एकाच घरातून आलेले आहे. त्या घरातील आकड्यावर दोनदा कळ दाबली असता त्यामागच्या मूळ ओळी नव्या पानावर उलगडतात : मोहालीस २०, कोलकात्यास नाबाद ७५, रायपूरला नाबाद ५४. बाद होणे एकच. यांपैकी एका नाबाद डावात तेवढ्याच धावांवर तो बाद झाला असता, तर इतर मैदानांची सरासरी ९४.०० वरून ७५.२० वर आली असती आणि बेंगळुरूच्या ७४.६३ पेक्षा ती फारशी वेगळी राहिली नसती. म्हणून मैदान आणि महिना यांविषयी या हंगामावरून काही सांगता येते असे मला वाटत नाही. दोनदा कळ दाबून मूळ ओळी पाहण्याची ही सोय पिव्हट टेबलातील सर्वांत उपयुक्त सोय असून तिचा उपयोग सर्वांत कमी केला जातो.

याच कारणास्तव प्रत्येक सरासरीशेजारी Outs ची बेरीज दिसत राहील अशीच टेबलाची रचना ठेवावी. जागा वाचवण्यासाठी ती लपवू नये. Venue ओळींत ठेवल्यास राजकोट, कोलकाता आणि रायपूर यांच्यासमोर #DIV/0! उमटते, कारण तेथे तो बादच झाला नाही. हा दोष नसून प्रामाणिक उत्तर आहे. छपाईसाठी ते नको असल्यास PivotTable Options मध्ये For error values show येथे आडवी रेघ द्यावी. शून्य देऊ नये, कारण शून्य सरासरी म्हणजे एकही धाव न काढता बाद होणे. नाबाद शंभराच्या पुढे शून्य छापलेले कोणासही रुचणार नाही.

अनेक खेळाडूंची सामग्री निरनिराळ्या पानांवर ठेवून ती डेटा मॉडेलमध्ये जोडली असेल, तर Calculated Field ही सोय बंद असलेली आढळते. तेथे त्याऐवजी मेझर लिहावे लागते.

```
BatAvg := DIVIDE(SUM(Innings[Runs]), SUM(Innings[Outs]))
```

छेद शून्य असेल तेथे DIVIDE रिकामे घर देते, त्यामुळे वरील अडचण उद्भवत नाही. हंगाम चालू असताना नवा डाव जोडल्यावर टेबल आपोआप बदलेलच असे नाही. Refresh केल्याशिवाय जुनेच आकडे दिसत राहू शकतात. त्यासाठी Alt+F5 ही कळ आहे. तसेच ज्या गोष्टीचा रकानाच नाही ती कोणत्याही टेबलात प्रकट होणार नाही. १८ मे रोजीचा पंजाबविरुद्धचा सामना पावसामुळे पंधरा षटकांचा झाला होता. त्यातील ११३ धावा आपल्या सामग्रीत वीस षटकांच्या सामन्यांतील धावांसारख्याच मोजल्या गेल्या आहेत. षटकांचा रकाना जोडून हा भेद दाखवता येईल, मात्र त्या वर्गात एकच ओळ असेल.